मदत हवी आहे: पुणे-दिल्ली तिकीट रद्द केलं, ४,२७३ पैकी फक्त ३०० परत आले

खडकीकर
एका पोर्टलवरून 'नॉन रिफंडेबल' तिकीट काढलं होतं, प्रवासाच्या चार दिवस आधी रद्द केलं. पावतीवर असं आहे: मूळ भाडं ३,१००, युडीएफ म्हणजे विमानतळ वापराचं शुल्क ४००, एएसएफ म्हणजे विमानतळ सुरक्षा शुल्क २००, क्यूट चार्ज ६५, जीएसटी १५८, कन्व्हिनियन्स फी ३५०. खात्यात आले ३००. टॅक्स तरी पूर्ण परत मिळतात ना? मग ३०० चा हिशोब कसा लागतो?

सदाशिव_पेठ
नियम स्पष्ट आहे, सरकारी कर सगळे परत द्यावे लागतात. ४०० + २०० + १५८ असे ७५८ तुमचे. नॉन रिफंडेबल असलं तरी. भांडा!

मीनल_तिकीटवाली
सदाशिवराव, निम्मं बरोबर. विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएच्या नियमानुसार वैधानिक कर, युडीएफ आणि सुरक्षा शुल्क परत द्यावं लागतं. प्रमोशनल भाडं असलं, विमान चुकलं, तरीही. कारण हा पैसा विमानतळाच्या आणि सुरक्षेच्या नावाने गोळा केलेला असतो. प्रवासी उडालाच नाही तर कंपनीला तो ठेवण्याचं कारण नाही.

जीएसटी मात्र वेगळा आहे. कंपनीने ३,१०० कॅन्सलेशन चार्ज म्हणून ठेवले. ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रकानुसार त्या रकमेवर तिकिटाच्याच दराने, म्हणजे इकॉनॉमीला ५ टक्के, कर लागतो. म्हणजे १५५ तिथेच अडकले. उरलेले तीनेक रुपये क्यूटवरचे.

खडकीकर
पण रद्द करताना स्क्रीनवर 'कॅन्सलेशन चार्ज ४,२९९' दिसत होतं. मग ३,१०० च कसे कापले?

मीनल_तिकीटवाली
कमाल मर्यादा आहे म्हणून. कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक फ्युएल सरचार्ज यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या तिकिटात फ्युएल सरचार्जची ओळच नाही, म्हणजे ३,१०० ला थांबलं. तक्त्यातला आकडा मोठा दिसतो, प्रत्यक्षात जे कमी असेल ते.

म्हणजे कंपनीकडून ६०० निघाले असणार. वरचे ३०० पोर्टलने 'कॅन्सलेशन सर्व्हिस फी' म्हणून ठेवले असतील. बुकिंगच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात ती ओळ सापडते का बघा. नसेल तर लेखी विचारा की एअरलाइनने किती परत केले. पीएनआर घेऊन थेट एअरलाइनलाही विचारता येतं.

भोसले_काका
आमच्या वेळी धुक्यामुळे लोहगावहून विमानच रद्द झालं, आम्हाला पूर्ण पैसे मिळाले. तुम्हाला का नाही?

मीनल_तिकीटवाली
काका, तुमचं विमान कंपनीने रद्द केलं. इथे प्रवाशाने रद्द केलंय. दोन्हीचे नियम वेगळे.

खडकीकर
आणि ३५० कन्व्हिनियन्स फी? तीही भाड्यासोबतच भरली की.

मीनल_तिकीटवाली
भरली सोबत, पण ती भाड्याचा भाग नाही. मर्यादा आणि कर परत करण्याचा नियम तिकिटाला लागू होतो. ही फी पोर्टलच्या बुकिंग सेवेची, त्यातच १८ टक्के जीएसटी धरलेला. पोर्टलचं म्हणणं असं की, तिकीट निघालं त्या क्षणी सेवा पूर्ण झाली; तुम्ही नंतर प्रवास केला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. मला हे ऐकायला आवडत नाही, पण अटींमध्ये ते लिहिलेलं असतं आणि बहुधा टिकतं. बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे परत मागणारी तक्रार, टाकून उपयोग होत नाही, कारण तुम्ही अटी मान्य करून टिक केलेलं असतं.

आणखी एक. ही फी बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्रवाशामागे, प्रत्येक टप्प्यामागे असते. चौघांचं येण्याजाण्याचं तिकीट असेल तर आठ वेळा.

सदाशिव_पेठ
क्यूटचे ६५ का गेले मग? तोही टॅक्सच्या खान्यातच दिसतो.

मीनल_तिकीटवाली
तो सरकारी कर नाही. चेक-इन काउंटरची यंत्रणा वापरण्यापोटी एअरलाइन घेते. कंपन्या तो परत देत नाहीत. पण मर्यादा मूळ भाडं आणि फ्युएलचीच असेल, तर हे ६५ कुठल्या आधारावर ठेवले, असा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे ठाम उत्तर नाही.

खडकीकर
पोर्टलच्या ३०० बद्दल तक्रार कुठे करू?

मीनल_तिकीटवाली
आधी पोर्टलला आणि एअरलाइनला मेल करा: पीएनआर, रद्द केल्याची तारीख, पावतीचा स्क्रीनशॉट, आणि नेमकी मागणी 'युडीएफ व एएसएफचे ६०० पूर्ण द्या, ३०० आले आहेत'. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी एअरलाइनवर आहे, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी. त्यासाठी मुदत ठरलेली आहे. उत्तर नाही आलं तर एअरसेवा या सरकारी संकेतस्थळावर तक्रार, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एअरलाइनला परतावा देण्यासाठी जादा शुल्क लावता येत नाही. पण पोर्टलची स्वतःची फी त्यात बसते का, यावर दोन मतं आहेत. फी आधी दाखवलेली नसेल तर तुमची बाजू मजबूत.

खडकीकर
बुकिंगचा मेल पाहिला. 'सर्व्हिस फी लागू' एवढंच आहे, आकडा नाही.

मीनल_तिकीटवाली
तो मेल जपून ठेवा. तक्रारीला पहिला तोच जोडा.