मदत हवी आहे: एकही बळी न घेतलेला गोलंदाज सरासरीच्या यादीत पहिला येतो आहे

वहीवाला
आमच्या संघाच्या या हंगामातील गोलंदाजीचा तक्ता मी एक्सेलमध्ये तयार केला आहे आणि ज्याची सरासरी सर्वांत कमी, त्याला चषक द्यायचा असे ठरले आहे. यादी चढत्या क्रमाने लावली, तर ज्याने संपूर्ण हंगामात एकही बळी घेतलेला नाही, तो गृहस्थ ०.०० सरासरीसह पहिल्या क्रमांकावर येऊन बसला. त्याच्या रकान्यात शून्याऐवजी कोणता आकडा घालावा, एवढेच मला हवे आहे. चषकावर नाव कोरण्यासाठी उद्या सकाळी द्यायचे असल्यामुळे कृपया क्रिकेटचा इतिहास सांगू नये.

तिसरी स्लिप
आकडा सांगण्यापूर्वी हे शून्य आले कुठून, ते कळायला हवे. धावांना शून्य बळींनी भागले तर एक्सेल स्वतःहून ०.०० कधीच देत नाही, तो #DIV/0! असे दाखवतो. त्याअर्थी ते शून्य तुमच्या सूत्रात कोणीतरी मुद्दाम बसवलेले आहे. सूत्र जसेच्या तसे इथे द्या आणि या गोलंदाजाने हंगामात किती धावा दिल्या, तेही सांगा.

आकडेमोड
इतकी चौकशी कशाला हवी? कोणत्याही संख्येला शून्याने भागले की उत्तर अनंत येते, हे शाळेत शिकवलेले आहे. एक्सेलला अनंत लिहिता येत नाही, म्हणून ९९९९ घालावे. तो गोलंदाज आपोआप तळाला जाईल आणि विषय संपेल.

निवृत्त फिरकी
मी वीस वर्षे ऑफस्पिन टाकली आहे आणि अशा तक्त्यांचा मला मनापासून राग आहे. एका हंगामात माझ्या गोलंदाजीवर पाच झेल सुटले, दोन फलंदाज धावबाद झाले (त्यातला एक तर मी स्वतः चेंडू अडवून यष्ट्यांवर मारल्यामुळे), आणि वहीत माझ्या नावापुढे बळी शून्य. त्या बिचाऱ्याला तळाला ढकलण्यापेक्षा षटकामागे किती धावा दिल्या ते पाहा आणि त्यावर चषक द्या.

वहीवाला
चषक सरासरीवरच द्यायचा आहे, ते बदलणार नाही. त्याने चार सामन्यांत मिळून ५८ धावा दिल्या, बळी शून्य. #DIV/0! पाहायला वाईट दिसत होते, म्हणून मी पुढील सूत्र घातले. C मध्ये दिलेल्या धावा आहेत आणि D मध्ये बळी.

```
=IFERROR(C2/D2,0)
```

आकडेमोड यांचे ९९९९ घातले तर चालेल ना?

तिसरी स्लिप
यादीचा वरचा भाग सावरेल, पण ९९९९ हेही तितकेच खोटे ठरेल. गोलंदाजाची सरासरी म्हणजे त्याला एकेक बळी किती धावांना पडला, हे सांगणारा आकडा. ज्याला बळी मिळालाच नाही, त्याचा बळी किती धावांना पडला हा प्रश्नच उभा राहत नाही. म्हणून छापील तक्त्यांत अशा ठिकाणी आडवी रेघ असते. तिथे शून्यही नसते आणि अनंतही नसते.

इतिहास नको म्हणालात, तरी एक जोडी सांगतो, कारण त्याशिवाय ९९९९ मधली चूक दिसणार नाही. सुनील गावसकर यांनी कसोटीत गोलंदाज म्हणून एकच बळी घेतला आणि एकूण २०६ धावा दिल्या, म्हणून त्यांची सरासरी २०६.०० अशी नोंदलेली आहे. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर ब्राइस मॅकगेन २००९ मध्ये केपटाउनला आपली एकमेव कसोटी खेळला, १८ षटकांत १४९ धावा देऊन त्याला एकही बळी मिळाला नाही, आणि त्याच्या सरासरीच्या जागी रेघ आहे. आकडेमोड यांच्या पद्धतीने मॅकगेन गावसकरांच्या खाली जातो. पण पुढच्याच चेंडूवर एकही धाव न देता त्याने बळी घेतला असता, तर त्याची सरासरी १४९.०० झाली असती आणि तो गावसकरांच्या वर गेला असता. बळी नाही म्हणजे सर्वांत वाईट, असे या मोजमापावरून म्हणता येत नाही. त्याचा पहिला बळी १४९ पेक्षा कमी धावांना पडलेला नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते.

आकडेमोड
बळी जसजसे कमी होत जातात, तसतशी सरासरी वाढत जाते. मग शून्याला ती अनंतच व्हायला हवी. यात चूक काय आहे?

तिसरी स्लिप
बळी अर्धा, पाव, दशांश असे कमी होऊ शकले असते, तर तुमचे म्हणणे काही अंशी पटले असते. पण एका बळीच्या खाली थेट शून्यच आहे, मध्ये काही नाही. शिवाय एका गोलंदाजाने हंगामात एकच षटक टाकले, ते निर्धाव गेले आणि बळीही मिळाला नाही, असे धरा. धावा शून्य, बळी शून्य. त्यालाही अनंतच देणार का? सरासरीला बळींनी गुणले की दिलेल्या धावा परत मिळाल्या पाहिजेत. ५८ धावांच्या गोलंदाजासाठी असा कोणताच आकडा सापडत नाही, कारण शून्याने कशालाही गुणले तरी ५८ होत नाहीत. निर्धाव षटकवाल्यासाठी मात्र वाटेल तो आकडा चालतो. एकाला उत्तर नाही आणि दुसऱ्याला हवी तितकी उत्तरे, म्हणून दोघांनाही रेघ.

लाँग लेग
फलंदाजीतही असेच असते. बाद न झालेल्या डावांमुळे सरासरी फुगते. ऑस्ट्रेलियाचा बिल जॉन्स्टन १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात संपूर्ण दौऱ्यावर एकदाच बाद झाला आणि १०२ धावांवर त्याची सरासरी १०२ झाली, तीही अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची! तेव्हा नाबाद डाव वेगळे मोजावेत, असे माझे मत आहे.

वहीवाला
लाँग लेग, माझा तक्ता गोलंदाजीचा आहे. तिसरी स्लिप, ठीक आहे, रेघ घालतो. म्हणजे चषक दुसऱ्या क्रमांकाच्या ६.५० वाल्याला जाईल आणि तिसरा ७.०८ वाला उपविजेता होईल. धन्यवाद.

तिसरी स्लिप
थांबा. सूत्रात तुम्ही C2 आणि D2 लिहिले आहे, आणि मघाशी चार सामन्यांचा उल्लेख केला. प्रत्येक सामना वेगळ्या ओळीत आहे का? असल्यास हंगामाची सरासरी तुम्ही कशी काढली? त्या ७.०८ वाल्याचे चारही सामने इथे लिहा.

वहीवाला
अर्थात प्रत्येक सामना वेगळ्या ओळीत आहे, आणखी कसा असणार? त्या गोलंदाजाने पहिल्या सामन्यात ३१ धावा दिल्या, बळी नाही. दुसऱ्यात २७, बळी नाही. तिसऱ्यात २२ धावांत १ बळी, चौथ्यात १९ धावांत ३. प्रत्येक सामन्याची सरासरी E मध्ये येते आणि हंगामासाठी त्या चारींची सरासरी घेतली आहे.

```
=AVERAGE(E2:E5)
```

तिसरी स्लिप
खरी चूक इथे आहे. ०.०० डोळ्यांत खुपले म्हणून तुम्ही विचारायला आलात, ७.०८ दिसायला शोभिवंत आहे, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

तुमच्या E मध्ये ०, ०, २२ आणि ६.३३ असे चार आकडे आहेत. त्यांची बेरीज २८.३३, भागिले चार, म्हणजे ७.०८. बळी न मिळालेले दोन सामने गोलंदाजाला महागात पडायला हवे होते; तुमच्या तक्त्यात ते उलट त्याचे दोन सर्वोत्तम सामने ठरले आहेत. आता केवळ शून्यांच्या जागी रेघ घातली, तर AVERAGE रेघांकडे दुर्लक्ष करील आणि २२ व ६.३३ यांची सरासरी १४.१७ येईल. हेही चूकच, कारण पहिल्या दोन सामन्यांतील ५८ धावा हिशेबातून गायब झाल्या.

हंगामाच्या सर्व धावा एकत्र करायच्या, सर्व बळी एकत्र करायचे आणि भागाकार शेवटी एकदाच करायचा. ३१, २७, २२ आणि १९ मिळून ९९ धावा, बळी ४, म्हणून सरासरी २४.७५. बळीविना गेलेल्या धावा वाया जात नाहीत. पहिला बळी मिळेपर्यंत त्या साठत राहतात. तिसऱ्या सामन्यानंतर या गोलंदाजाची सरासरी २२ नव्हती, ८० होती.

```
=IF(SUM(D2:D5)=0,"-",SUM(C2:C5)/SUM(D2:D5))
```

चढत्या क्रमाने लावताना एक्सेल संख्यांनंतर मजकूर ठेवतो, त्यामुळे रेघवाले सर्वांत खाली जातील. मात्र ते खाली दिसतात याचा अर्थ ते शेवटचे आले असा घेऊ नका. त्यांना क्रमांकच देऊ नका.

निवृत्त फिरकी
माझ्या धावबादचे उत्तर कोणी दिलेच नाही. थेट फेक माझी होती.

तिसरी स्लिप
फेक तुमची असली, तरी धावबाद हा क्षेत्ररक्षणाचा बळी आहे आणि तो गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. यष्टिरक्षकाने यष्टिचीत केलेला फलंदाज मात्र तुमच्या खात्यात येतो. वहीवाले, हेही तपासा: D मध्ये धावबाद धरलेले नाहीत ना, आणि C मध्ये बाय व लेगबायच्या धावा शिरलेल्या नाहीत ना? वाईड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या माथी राहतात, बाय आणि लेगबायच्या नाहीत.

निवृत्त फिरकी
नियम मला ठाऊक आहेत. ते पटत नाहीत, एवढेच म्हणतो आहे.

वहीवाला
दोन ठिकाणी लेगबाय शिरले होते, ते दुसऱ्याच गोलंदाजांचे होते आणि आता काढले. सर्वांच्या एकूण धावा आणि बळी घेऊन नवी यादी केली. आमचा मुख्य वेगवान गोलंदाज १६५ धावांत ११ बळी, म्हणजे १५.०० वर आहे. पण पहिला आला आहे तो ६.५० वालाच. तो एकच सामना खेळला आणि १३ धावांत २ बळी घेऊन गेला. हे सूत्र बरोबर आहे, असे तुमचे अजूनही म्हणणे आहे का?

तिसरी स्लिप
सूत्र बरोबर आहे, चषकाची अट अपुरी आहे. कसोटीच्या सर्वकालीन याद्यांत जॉर्ज लोहमन १०.७५ सरासरीने वर दिसतो, तो ११२ बळी घेतलेला गोलंदाज आहे. दोन-चार बळी घेऊन याहून कमी सरासरी राखलेल्यांना अशा याद्या किमान मर्यादा घालून आधीच बाहेर ठेवतात. तुम्हीही किमान बळींची अट घाला, आठ किंवा दहा. त्यामुळे शून्य बळींचा प्रश्नही मुळातच उरणार नाही.

आकडेमोड
इथे मी असहमत आहे. बळींची अट घातली, तर भरपूर षटके टाकूनही ज्याला फारसे बळी मिळाले नाहीत, तो यादीतून नाहीसा होतो आणि त्याची वाईट सरासरी कोणालाच दिसत नाही. अट षटकांची हवी. मग शून्य बळीवाला पात्र ठरला, तर त्याच्यापुढे रेघ राहू द्या. ९९९९ चा आग्रह मी सोडला.

तिसरी स्लिप
तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण चषक एकालाच द्यायचा असताना तळाशी कोण दिसतो याने काही बिघडत नाही. षटकांच्या अटीत दुसरी अडचण अशी की ती कितीची ठेवायची, हे आकडे पाहिल्यानंतर ठरवले तर कोणाला तरी जिंकवल्यासारखे होते. तशी ती बळींच्या अटीतही आहे, हे मान्य.

निवृत्त फिरकी
वहीवाले, त्या शून्य बळीवाल्याने ५८ धावा किती षटकांत दिल्या?

वहीवाला
षटकांचा रकाना मी तक्त्यात ठेवलेलाच नाही, कारण सरासरीच्या सूत्रात षटके येत नाहीत. गुणलेखनाच्या वह्या काढून बसतो. कर्णधाराला फोन करून अट बळींची की षटकांची, एवढे षटके मोजण्यापूर्वीच विचारून घेतो.