बॅकअपचा पासवर्ड विसरलो तर सगळं चॅट जाणार, हा कसला न्याय?

निखिल_०७: व्हॉट्सअ‍ॅपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी की लावता येते. विसरलात तर कंपनी म्हणते आम्ही काही करू शकत नाही. बँकेत ओळख पटवून पासवर्ड रिसेट होतो मग इथे का नको? माझं मत, सोय हवीच.

सई: अजिबात नको! तुझी ओळख पटवून कंपनी बॅकअप उघडू शकली तर तुझं सिम हातात आलेला दुसरा कोणीही उघडेल, मग कुलूप लावलंस कशाला

रमेशकाका: मी विसरलो होतो, सात दिवस थांबलो आणि नवीन पिन टाकला. उगाच घाबरवू नका पोरांना.

सई: काका तो सहा आकडी पिन टू-स्टेपचा, अकाउंटचा. बॅकअपचा पासवर्ड वेगळा, तो थांबून मिळत नाही.

तेजस: पासवर्डचं तरी ठीक आहे, कंपनीकडे कॉपी असणारच, देत नाहीत एवढंच.

अनघा_के: तेजस, अर्धं बरोबर. पासवर्ड निवडला तर खरी की त्यांच्या सर्व्हरवरच्या एका खास हार्डवेअर तिजोरीत असते, पण ती पासवर्डशिवाय त्यांनाही उघडत नाही आणि ठरावीक वेळा पासवर्ड चुकला तर ती की कायमची बाद. म्हणून आठवेल तो टाकून बघत बसू नका. ६४ अंकी की तर त्यांच्याकडे नसतेच, ० ते ९ आणि a ते f एवढीच अक्षरं, लिहून घेताना b चा 6 झाला की खेळ खलास.

आता लोक नेमकं काय विसरतात, तर जुना फोन चालू असेल तर काहीच गेलेलं नसतं. चॅट फोनमध्ये असतंच, फक्त बॅकअपला कुलूप आहे. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असं जा, पासवर्ड बदलायला घ्या आणि विसरलो म्हणा, फोनचं बोट किंवा लॉक विचारून नवा घेतो. मग नवीन बॅकअप होऊ द्या आणि नंतरच फोन फॉरमॅट करा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात.

निखिल_०७: आणि फोन चोरीला गेला असेल तर?

अनघा_के: मग पासवर्ड आठवायलाच हवा. आणि रिस्टोअर वगळून पुढे गेलात तर लगेच नवीन बॅकअप घेऊ नका, तो जुन्याच्या जागी बसतो.

निखिल_०७: म्हणजे शिक्षा विसरभोळ्यालाच. मला अजून पटलं नाही, निदान एखाद्या घरच्या माणसाकडे अर्धी की ठेवायची सोय द्या की

सई: अख्खी कागदावर लिहून दे ना त्याला, अडवलंय कोणी

रमेशकाका: मग माझा पासवर्ड कुठला? मी तो ठेवलाय का हेच आठवत नाही.