आधी सोफा उलटा करून बघा

> वडिलांनी परभणीत करून घेतलेला सागवानी सोफा आहे. बसलं की खोल जातो. फोम-कापड बदलू की नवीनच घेऊ?

दादा, खोल जाणं हा बहुतेक वेळा फोमचा आणि बैठकीखाली ताणलेल्या पट्ट्यांचा दोष असतो, लाकडाचा नाही. पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही सोबत उठला तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीवरच राहिला तर सांधे सैल झालेत. मग सोफा उलटा करून तळाचं कापड उसवा आणि सांगाड्याच्या आडव्या लाकडांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं किंवा वाळवीची माती दिसली, तर खर्च करू नका, नवीन घ्या.

आमच्या लातूरच्या सोफ्याचा एकच मागचा सांधा हलत होता. सुतारानं जुना सरस खरवडला, नवा लावून रात्रभर आवळून ठेवला. मग पट्ट्या बदलून बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम घातला, पाठीला मऊ. पट्ट्या तशाच ठेवून नुसता फोम बदलला असता तर बैठक पुन्हा खचली असती. रेक्झिन मात्र नको, आपल्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. जाड सुती कापड घ्या, धुता येतील अशा चेनच्या खोळी शिवा.