प्रथिनाचा आकडा तोच, दूध मात्र कमी

> पावसात भरलेल्या नेपियरच्या मुरघासात क्रूड प्रोटीन ताज्या चाऱ्याइतकंच, ८ टक्के आलं. मग दूध का उतरतं?

प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. तो प्रथिनातला की अमोनियातला, हे त्या आकड्यात दिसत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जुलैत कापलेल्या नेपियरमध्ये शुष्क भाग जेमतेम १५-१८ टक्के, साखरही कमी. लॅक्टिक आम्ल अपुरं पडतं, सामू ५ च्या वरच राहतो आणि क्लोस्ट्रिडिया हे जिवाणू अमिनो आम्लं फोडून अमोनिया करतात. समजा नायट्रोजनपैकी २० टक्के असा अमोनियात गेला, तर तुमच्या ८ पैकी १.६ टक्के प्रथिन नाहीच. जनावराच्या रूमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले, जंतू अमोनियापासून प्रथिन बांधतात हे खरं, पण त्यांना लागणारी साखर खड्ड्यातच संपलेली असते. मग बराचसा अमोनिया युरिया होऊन मूत्रावाटे जातो.

अमोनिया-नायट्रोजन वेगळा तपासून घ्या, तो एकूण नायट्रोजनच्या १० टक्क्यांच्या आत हवा. त्याआधी मूठभर मुरघास हातात चोळा. खवट लोण्यासारखा वास हाताला चिकटून राहिला तर ते ब्युटिरिक आम्ल. आपल्याकडे जुलैत चारा सुकवणं जमत नाही, त्यामुळे भरतानाच टनाला २०-३० किलो मळी थराथरात शिंपडा आणि सोबत भाताचं कोरडं गवत मिसळा. नुसत्या गवताने पाणी शोषलं जाईल, साखर वाढणार नाही.