पाठदुखीसाठी खुर्ची मागणारं पत्र: गरज की लाड?

टीमलीड: टीममधल्या एकानं पत्र दिलंय. पाठ वारंवार दुखते, म्हणून चांगली खुर्ची, मॉनिटरला स्टँड आणि मधेमधे ब्रेक हवेत. आज एकाला दिलं की उद्या सगळे रांग लावणार. आम्ही मिळेल त्या खुर्चीवर बसून वर्षं काढली. दुखत असेल तर व्यायाम करा, पत्रं कसली लिहिता?

फिजिओताई: हे वाचून राहवलं नाही. पत्र दिलं हे चांगलंच झालं, फक्त ते मोघम नको. नुसती 'चांगली खुर्ची' मागितली की भलीमोठी, जाडजूड हातांची खुर्ची येते. हात टेबलाला अडतात, खुर्ची आत सरकत नाही, मग माणूस कडेवर बसून काम करतो आणि पाठ टेकतच नाही.

माझ्या एका पेशंटचं पत्र मी समोर बसून नव्यानं लिहून घेतलं. त्याची उंची कमी. कोपर टेबलाच्या पातळीला यावेत म्हणून खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळायचे. पाठ टेकली की बैठकीची कड गुडघ्यामागे रुतायची. शेवटी पत्र असं झालं:

"सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसलो की कमरेत कळ येते आणि दुपारनंतर कामात लक्ष लागत नाही. उंची आणि बैठकीची खोली कमी-जास्त करता येईल, कमरेला आधार देईल अशी खुर्ची आणि पायाखाली फूटरेस्ट मिळावा. लॅपटॉपला स्टँड मिळावा, त्यासोबत वेगळा कीबोर्ड आणि माउसही. दर अर्ध्या तासानं एक-दोन मिनिटं उठायची मुभा असावी. महिनाभर करून पाहू, मग आपण दोघं बसून ठरवू."

आजाराचं नाव नाही, एमआरआय जोडलेला नाही. कीबोर्ड वेगळा का, तर लॅपटॉप वर उचलला की त्याचा कीबोर्डही वर जातो. मान सुटते आणि खांदे अडकतात.

रात्रपाळी: उठायची मुभा मागावी लागते याचाच मला संताप येतो. सिगारेटवाले वाटेल तेव्हा खाली जातात, त्यांना कुणी पत्र मागत नाही. मी खुर्चीमागे नुसती उभी राहिले तर 'काम संपलं का?' असं विचारलं जातं.

टीमलीड: सिगारेट हा इथला विषय नाही.

रात्रपाळी: कसा नाही? तो ब्रेक तुम्हाला चालतो, कारण तुम्हीही त्यांच्याबरोबर जाता. पाठदुखीचा ब्रेक तेवढा कामचुकारपणा!

टीमलीड: माझ्याबद्दल काही माहीत नसताना आरोप करू नका. मी ओढत नाही.

सरळबैठक: भांडणं पुरे. खुर्चीनं काहीही होत नाही. नव्वद अंशात ताठ बसायची सवय लावा, पाठ दुखणार नाही.

फिजिओताई: नुसत्या खुर्चीनं पाठदुखी जात नाही, इथवर बरोबर. पण दिवसभर ताठ बसलात तर पाठीचे स्नायू आखडतात. थोडं मागे रेलून, १०० ते ११० अंशांत, पाठीवरचा ताण कमी होतो. तरी तेही तासन् तास नको, बैठक बदलत राहायला हवी. म्हणून या पत्रातली ब्रेकची मागणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिला दमडीचा खर्च नाही.

सरळबैठक: माझी पाठ ताठ बसूनच सुधारली. ते तुम्ही खोटं ठरवू शकत नाही.

चष्मेवाला: मला स्टँड मिळाला आणि मान धरली! पाठीचं राहिलं बाजूला. तुमचे हे स्टँड सगळ्यांना सरसकट देऊ नका.

फिजिओताई: चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे का? त्यात जवळचं दिसायचा भाग खालच्या बाजूला असतो. स्क्रीन उंच गेली की हनुवटी वर करून बघावं लागतं. इतरांसाठी स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठीक असते, तुम्ही आणखी खाली घ्या.

चष्मेवाला: प्रोग्रेसिव्हच आहे. स्टँड देताना हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

काळजीवाहू: आमच्याकडे एकाला कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या येतात. त्यानंही असंच पत्र द्यावं का?

फिजिओताई: त्यानं आधी डॉक्टरांना दाखवावं. पायातली ताकद कमी होत असेल, बैठकीची जागा बधिर वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी. पत्र नंतर.

टीमलीड: महिन्याची मुदत घातली असती तर मीही लगेच नाही म्हटलं नसतं. फूटरेस्ट आणि कीबोर्ड मी माझ्या अखत्यारीत देऊ शकतो. खुर्चीला वरून मंजुरी लागते, तिथे शब्द देत नाही. आणि कॉलवर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासानं उठायचं कसं?

रात्रपाळी: कॉल चालू असतानाच उभं राहायचं. हेडसेटची वायर लांब द्या, एवढंच.

टीमलीड: वायरचं बघतो. पण सगळी टीम एकदम उभी राहिलेली मला चालणार नाही.

रात्रपाळी: का चालणार नाही, ते आधी सांगा.