शो रद्द झाला, तिकिटाचे पैसे आले, पण कन्व्हिनियन्स फी गेली : तुमचा अनुभव काय?

रोहिणी_पुणे
रविवारी दुपारच्या शोची चार तिकिटं ऑनलाइन काढली होती. घरातून निघायच्या आधी मेसेज आला, 'काही अपरिहार्य कारणामुळे शो रद्द करण्यात आला आहे.' पैसे काही दिवसांत परत आले, पण ८८० रुपये. भरले होते १०३१ रुपये ४ पैसे. बिल उघडून पाहिलं तर हिशेब असा: २२० रुपयांची चार तिकिटं ८८०, कन्व्हिनियन्स फी प्रत्येकी ३२ प्रमाणे १२८, त्या फीवर १८ टक्के जीएसटी २३ रुपये ४ पैसे. म्हणजे १५१ रुपये ४ पैसे अडकले. कस्टमर केअरचं उत्तर एका ओळीचं: 'फी नॉन-रिफंडेबल आहे.'

आम्ही तिकीट रद्द केलं नाही, थिएटरनं शो रद्द केला. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर कारण काय सांगितलं, किती परत आलं आणि पुढे काय केलंत ते सविस्तर लिहा.

मिलिंद_नाशिक
फी जाणारच हो. माझ्या साडूंकडे अचानक कार्य निघालं म्हणून आम्ही तिकिटं रद्द केली, तर तिकिटाचेसुद्धा पूर्ण पैसे मिळाले नाहीत. अटींमध्ये तसं लिहिलेलंच असतं, आपण वाचत नाही.

रोहिणी_पुणे
मिलिंददादा, तुम्ही स्वतः रद्द केलंत, त्यात त्या अटी लागू होतात हे मान्य. इथे आम्ही जायला तयार होतो, शोच नव्हता.

सुधीर_डोंबिवली
मुळात महाराष्ट्रात ही फी घेणंच बेकायदेशीर आहे. सरकारनं २०१३ आणि २०१४ मध्ये तसे आदेश काढलेत. तेवढं दाखवा, मुकाट्यानं देतील.

अ‍ॅड_कोल्हापूर
सुधीरराव, आदेश निघाले होते हे बरोबर. पण मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये ते रद्द ठरवले. त्यामुळे 'फी घेताच येत नाही' असं लिहून तक्रार केलीत तर समोरचा तो निकाल पुढे करेल आणि तुमचा खरा मुद्दा बाजूला पडेल. फी घेता येते का, हा एक प्रश्न. ज्या शोसाठी घेतली तो झालाच नाही, तर ती ठेवता येते का, हा वेगळा प्रश्न. रोहिणीताईंचा प्रश्न दुसरा आहे आणि तक्रार त्याच्यापुरतीच ठेवावी.

कंपनीचं म्हणणं साधारण असं असतं की आमची सेवा म्हणजे तिकीट काढून देणं, ती तुम्हाला मिळाली. ग्राहकाचं म्हणणं की नुसतं तिकीट घेऊन मी काय करू? दोन्ही बाजू मांडता येतात, म्हणून निकाल तुमच्याच बाजूने लागेल अशी खात्री मी कोणाला देत नाही. पण एक काळजी घ्या. 'ही अटच अन्यायकारक करार आहे' अशी मांडणी केली तर तो विषय जिल्हा ग्राहक आयोगाच्या कक्षेत बसत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. जिल्हा आयोगात 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असं मांडा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

पडद्यामागचा
मी बरीच वर्षं थिएटरमध्ये काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. प्रोजेक्टर किंवा सर्व्हर बंद पडला, कधी प्रेक्षकच आले नाहीत, असं काहीही कारण असतं. आमच्याकडे मॅनेजर सिस्टीममध्ये शो 'कॅन्सल' करायचा, मगच बुकिंगवाल्यांकडे रिफंड सुरू व्हायचा. गोंधळ होतो तो शो सुरू झाल्यावर बंद पडला तर. तोवर तुमचं तिकीट दारात स्कॅन झालेलं असतं. गर्दी शांत करायला काउंटरवरून रोख पैसे देतात, पण ते तिकिटाच्या दराएवढेच. फी थिएटरकडे आलेलीच नसते, मॅनेजर ती कुठून देणार? आणि बुकिंगवाल्याच्या नोंदीत शो रद्द दिसत नाही, तिकीट वापरलेलं दिसतं. मग त्यांच्याकडे भांडायला तुमच्या हातात काही राहत नाही. असा प्रसंग आला तर रोख घेण्याआधी मॅनेजरकडून 'शो अमुक वाजता बंद पडला' असं दोन ओळींत लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट. बहुतेक देतात.

शर्वरी_ठाणे
अगदी हेच झालं आमचं! मध्यंतरानंतर आवाज गेला. काउंटरवर पैसे घेतले, कागद काही मागितला नाही. फीबद्दल विचारलं तर म्हणाले, 'आमच्याकडे तुम्ही पूर्ण सिनेमा पाहिल्याची नोंद आहे.'

नाट्यवेडी_मिरज
आमच्याकडे प्रमुख नटाची तब्येत बिघडली म्हणून प्रयोग रद्द झाला. नाट्यगृहाच्या खिडकीवर काढलेल्या तिकिटांचे सगळे पैसे त्याच संध्याकाळी मिळाले. शेजारच्या काकूंनी तीच रांग ऑनलाइन बुक केली होती, त्यांची फी गेली. शेजारशेजारच्या खुर्च्या, आणि हिशेब वेगळा. म्हणून मी अजूनही खिडकीवरच जाते.

गेटवेवाला
पैसे परत करताना पेमेंटचा खर्च कंपनीच्या अंगावर पडतो, म्हणून फी ठेवतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याला पेमेंटसाठी द्यावं लागणारं शुल्क, २०२० पासून शून्य आहे. तुम्ही यूपीआयनं भरलं असेल आणि उत्तरात 'पेमेंटचा खर्च' असं आलं, तर कोणता खर्च ते लेखी विचारा.

प्राजक्ता_वसई
मला फी परत मिळाली, म्हणून पायऱ्या लिहिते. चॅटवर भांडत बसले नाही. अ‍ॅपच्या तळाशी ग्रीव्हन्स ऑफिसरचा ईमेल असतो, त्यावर लिहिलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. मजकूर एवढाच होता:

'बुकिंग क्रमांक अमुक. शो आपल्या बाजूने रद्द झाला, त्याचा मेसेज सोबत. भरलेली रक्कम अमुक, परत आलेली अमुक, फरक अमुक. फी आणि त्यावरील जीएसटी परत करावा, अन्यथा नाकारण्याचं कारण लेखी कळवावं.'

सोबत तीन गोष्टी: रद्द झाल्याचा मेसेज, फीची फोड दाखवणारं बिल, आणि बँकेतली रिफंडची नोंद. उत्तर पुन्हा 'नॉन-रिफंडेबल' आलं. तेच सगळं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर नोंदवलं. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, हुकूम देऊ शकत नाहीत. पण त्यानंतर कंपनीचा फोन आला आणि जीएसटीसकट रक्कम आली. अ‍ॅपमधून मेसेज नंतर गायब होतो, त्यामुळे स्क्रीनशॉट लगेच काढा.

मंदार_पणजी
आमचा मोकळ्या मैदानातला संगीताचा कार्यक्रम पावसानं गेला. फी तिकिटामागे दीडशेच्या वर होती. पण आयोजकांनी 'रद्द' म्हटलंच नाही, 'पुढे ढकलला' म्हणाले, आणि नवी तारीख अजून नाही. तिकिटाचेही पैसे अडकलेत, फी तर दूरच. वकीलसाहेब, किती थांबायचं?

अ‍ॅड_कोल्हापूर
ठरावीक दिवस सांगता येणार नाहीत. आयोजक आणि बुकिंग कंपनी दोघांनाही लेखी विचारा: नवी तारीख कोणती, आणि मला ती नको असेल तर पैसे कधी देणार? बिलात किंवा अटींत परताव्याची मुदत असेल तर ती, नसेल तर तीस दिवस, त्यानंतरही नाकारलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येत ती अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडता येते. तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

रोहिणी_पुणे
प्राजक्ताताईंच्या मजकुराप्रमाणे ईमेल पाठवला. पोच आली आणि सोबत १५० रुपयांचं कूपन देऊ केलंय, तीन महिन्यांत वापरायचं. मला बँकेत पैसे हवेत. कूपन न स्वीकारता तक्रार चालू ठेवलेलं कोणी आहे का? की अ‍ॅपमध्ये ते आपोआप जमा झालं तर स्वीकारलं असं धरतात?