आजीला (७४) नागिणीची लस द्यावी का? नाशिकमध्ये कशी घ्यावी?

पंचवटीकर: आजीला लहानपणी, दहाव्या वर्षाच्या सुमारास, कांजिण्या झाल्या होत्या. आता शेजारच्या मावशींना कमरेला नागीण झालेली पाहून तिने धसका घेतलाय. मधुमेह आहे, साखर आटोक्यात आहे. स्टेंटमुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या रोज चालू. लस घ्यावी का, आणि घेताना काय बघावं?

सिडको७: कांजिण्या एकदा झाल्या की अंगात प्रतिकारशक्ती येते, मग लस कशाला? शिवाय ही लस जिवंत विषाणूची असते, मधुमेहींना चालत नाही.

औषधवाला_काका: सिडको७, तुमचं अर्धंच बरोबर आहे. कांजिण्या सहसा परत होत नाहीत, पण विषाणू अंगातून जात नाही. तो मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत पडून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकार कमी झाला की त्याच नसेवाटे त्वचेवर येतो. म्हणून फोड एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. म्हणजे कांजिण्या झाल्यात हेच लस घ्यायचं कारण. जिवंत विषाणूची लस पूर्वी होती. भारतात २०२३ पासून मिळणारी शिंग्रिक्स तशी नाही, तिच्यात विषाणूचं फक्त एक प्रथिन असतं. मधुमेहींना चालते.

पंचवटीकर, डोस दोन. दुसरा पहिल्यानंतर दोन ते सहा महिन्यांत. सहा महिने उलटून गेले तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला एक घ्यायचा. पण एकावर थांबू नका. सत्तरीपुढच्या लोकांमध्येही दोन डोसांनंतर सुमारे ९० टक्के संरक्षण दिसलंय, आणि ते दोन्ही घेतलेल्यांचं आहे.

गंगापूर_रोड: खर्चाचं बोला ना. सरकारी लसीकरणात नाही, खाजगीतच घ्यावी लागते, एका डोसला दहा हजारांच्या आसपास. विमावाले बहुधा हात वर करतात.

औषधवाला_काका: खरंय. म्हणून तर वाया जाऊ देऊ नका. खोक्यात दोन कुप्या येतात, तपकिरी टोपणाच्या कुपीत पावडर आणि निळसर-हिरव्या टोपणाच्या कुपीत द्रव. सगळा द्रव पावडरमध्ये घालून, हलकेच फिरवून, पावडर पूर्ण विरघळली की अर्धा मिली भरायचा. घाईत नुसता द्रवच टोचला जाण्याची चूक होते. तो डोस धरत नाही, तो पुन्हा द्यावा लागतो. समोर बसून दोन्ही कुप्या उघडताना बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठली की फेकायची. नाशिकच्या मे महिन्यात मेडिकलमधून पिशवीत घालून द्वारकेच्या सिग्नलला अडकू नका, आणि बर्फाला चिकटवूनही आणू नका. ज्या दवाखान्यात टोचणार, त्यांनाच आधी फोन करून मागवायला सांगा.

इंदिरानगरची_वहिनी: मग नातवंडांना पण हीच द्यायची का? आमच्या घरात दोन लहान मुलं आहेत.

औषधवाला_काका: नाही वहिनी, मुलांची कांजिण्यांची लस वेगळी. ती आजीला द्यायची नाही, आजीची मुलांना नाही.

नर्स_नाशिकरोड: रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. लस दंडाच्या स्नायूत, सुईने खोल देतात. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, स्टेंट आहे. टोचणाऱ्याला आधी सांगा: बारीक सुई, मग कापूस न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा. चोळलं की काळंनिळं पडतं. दंड दोन-तीन दिवस ठणकतो, अंग मोडून येतं, ताप येऊ शकतो. त्या दिवसांत जेवण टाळू नका, नाहीतर साखरेच्या गोळीवर साखर खाली जाईल. आणि "पहिल्या डोसाला ताप आला होता, आता दुसरा नको" असं म्हणू नका. ताप आला म्हणजे लस बिघडली असं नाही.

सिडको७: बरं, चूक कबूल. पण विळखा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणतात, ते?

नर्स_नाशिकरोड: नस शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जाते, म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही. भीती खरी आहे ती महिनोन्‌महिने राहणाऱ्या वेदनांची. आणि लस घेतली तरी एका बाजूला आग होऊन पुरळ उठलं, तर गेरू लावत किंवा उतरवून घेत बसू नका. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्याला उठलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

कॉलेजरोड_आजोबा: मला नागीण होऊन दीड महिना झाला. मीही घेऊ?

औषधवाला_काका: पुरळ पूर्ण सुकलं असेल तर घेता येते. काही डॉक्टर आणखी थांबायला सांगतात, यावर एकमत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पंचवटीकर: आजी दुसऱ्या डोसाला कुरकुरणार. पहिल्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून दोन महिन्यांनंतरच्या पानावर खूण केलीय.